एका सभासदाचे दोन हिशेब : पतसंस्थेच्या पासबुकाच्या वाचनाची प्रस्तावना

सहकारी पतसंस्थेचे पासबुक बँकेच्या पासबुकासारखे दिसत असले, तरी ते त्याच पद्धतीने वाचले तर त्यातील निम्म्याहून अधिक अर्थ निसटतो. बँकेच्या पासबुकात खातेदार हा केवळ ठेवीदार असतो आणि एकाच शिलकेच्या चढउताराकडे त्याचे लक्ष असते. पतसंस्थेच्या पासबुकात मात्र तोच मनुष्य भागभांडवलाच्या पानावर संस्थेचा मालक, वर्गणीच्या पानावर ठेवीदार आणि कर्जाच्या पानावर ऋणको असतो, आणि या तीन नात्यांचे पैसे तीन वेगवेगळ्या नियमांनी वाढतात किंवा घटतात. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरात केंद्र सरकारच्या, महामंडळांच्या व खासगी आस्थापनांच्या नोकरीत असलेल्या मराठी पगारदारांच्या हाती जे पासबुक येते, त्यावर ‘अंश पूंजी’, ‘अनिवार्य जमा’, ‘ऋण किस्त’, ‘ब्याज’ आणि ‘लाभांश’ असे मथळे असतात. महाराष्ट्रातील पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत यांनाच अनुक्रमे भागभांडवल, वर्गणी, कर्जाचा हप्ता, व्याज आणि लाभांश म्हणतात. शब्द बदलले तरी आतील रचना जवळजवळ एकच आहे, आणि या साम्यामागे कायद्याचा एक सामाईक वारसा आहे.

भारतातील पतसहकाराची कायदेशीर सुरुवात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने झाली, तथापि त्याआधीच, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली होती. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर प्रकारच्या संस्थांनाही नोंदणीचा मार्ग खुला केला, आणि १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. हाच मुंबईचा कायदा स्वातंत्र्यानंतर दिल्लीला लागू करण्यात आला आणि १९७२ मध्ये दिल्लीचा स्वतंत्र कायदा होईपर्यंत राजधानीतील सहकारी संस्था त्याच्याच आधारे चालल्या. महाराष्ट्रात त्याची जागा १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने घेतली, तर दिल्लीत १९७२ च्या कायद्यानंतर २००३ चा कायदा आला. पुण्यातील पासबुक आणि दिल्लीतील ‘थ्रिफ्ट अँड क्रेडिट सोसायटी’चे पासबुक ही अशा रीतीने एकाच घराण्यातील चुलत भावंडे ठरतात.

राजधानी परिसरातील वाचकाला मात्र पासबुकाचे पहिले पान विशेष लक्षपूर्वक पाहावे लागते, कारण तेथे छापलेल्या नोंदणी क्रमांकावरून संस्था कोणत्या कायद्याखाली आहे हे ठरते. केवळ दिल्लीपुरते कार्यक्षेत्र असलेली संस्था दिल्लीच्या निबंधकाच्या, म्हणजे संसद मार्गावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीतील कार्यालयाच्या, अखत्यारीत येते. नोएडा किंवा गाझियाबादेत नोंदलेल्या संस्थेला उत्तर प्रदेशचा १९६५ चा कायदा लागू होतो, गुरुग्राम किंवा फरिदाबादेतील संस्थेला हरियाणाचा १९८४ चा, आणि एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या संस्थेला २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होऊन तिचा निबंधक केंद्र सरकारचा असतो. राहण्याचे ठिकाण, नोकरीचे ठिकाण आणि संस्थेच्या नोंदणीचे ठिकाण ही तिन्ही वेगळी असणे या परिसरात नेहमीचेच असल्यामुळे, तक्रार कोणाकडे करायची या प्रश्नाचे उत्तर सभासदाच्या पत्त्यावरून मिळत नाही. ते पासबुकाच्या पहिल्या पानावरून मिळते.

पासबुकात भागभांडवल आणि लाभांश हे स्तंभ का आले, हे कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील जर्मनीतील दोन परंपरांचा परिचय आवश्यक आहे. फ्रीडरिश रायफायझन यांनी खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी उभारलेल्या संस्थांमध्ये सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती, म्हणजे संस्था बुडाल्यास प्रत्येकाच्या सर्व मालमत्तेवर बोजा येत असे, आणि नफा वाटण्याऐवजी तो अविभाज्य राखीव निधीत टाकण्यावर भर होता. हर्मान शुल्झ-डेलिच यांनी १८५० पासून शहरांतील कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांसाठी उभारलेल्या संस्था सभासदांनी घेतलेल्या भागांवर उभ्या होत्या आणि त्या भागांवर लाभांश देत. मद्रास प्रांतातील अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी १८९५ व १८९७ च्या आपल्या अहवालात रायफायझनच्या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला. १९०४ च्या कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचा नियम ठेवला, तर नागरी संस्थांना नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकल्यावर लाभांश वाटण्याची मोकळीक दिली. आजच्या पगारदारांच्या पतसंस्था या दुसऱ्या, नागरी शाखेच्या वंशज आहेत आणि म्हणूनच त्यांच्या पासबुकात भागांचे पान असते.

या नागरी शाखेवर तिसऱ्या एका विचाराचीही छाया आहे. इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये स्थापलेल्या सहकारी भांडारात भांडवलाला मर्यादितच मोबदला देण्याचे तत्त्व पाळले जात असे. महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ६७ लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घालते आणि कलम ६६ निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावयास लावते, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पतसंस्थेचा भाग कंपनीच्या शेअरसारखा बाजारात चढत नाही. तो १०० रुपयांना घेतला तर सभासदत्व संपताना सामान्यतः १०० रुपयेच परत मिळतात, आणि संस्था कितीही भरभराटीला आली तरी भागधारकाला दिसणारी वाढ लाभांशाच्या एका वार्षिक नोंदीपुरतीच असते.

पगारदारांच्या संस्थेचे वैशिष्ट्य वसुलीच्या पद्धतीत आहे. सभासदाने दरमहा खिडकीवर येऊन पैसे भरावेत अशी येथे अपेक्षाच नसते. संस्था त्याच्या कार्यालयाकडे मागणी यादी पाठवते, कार्यालयातील वेतन काढणारा अधिकारी पगारातून कपात करतो आणि सर्व सभासदांची रक्कम एकत्रितपणे संस्थेला देतो. महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ४९ ने ही कपात मालकावर बंधनकारक केली आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने तर पगारातील एकूण कपातीची मर्यादा सर्वसाधारणपणे ५० टक्के ठेवून सहकारी संस्थेचे देणे असल्यास ती ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ दिली होती. या सोयीमुळे संस्थेची वसुली भरवशाची झाली, परंतु सभासदाला आपल्या कर्जाकडे महिनोन्महिने न पाहण्याचीही सवय लागली, आणि पासबुक वाचण्याचे कौशल्य मागे पडले ते याच कारणाने.

ही रचना प्रत्यक्षात कशी वाचावी हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नवी दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयातील सभासदाकडे १०० रुपयांचे ६० भाग, म्हणजे ६,००० रुपयांचे भागभांडवल आहे. त्याला १ जुलै रोजी १,००,००० रुपयांचे कर्ज मंजूर होते, व्याजदर वार्षिक ९ टक्के आहे, आणि दरमहा २,५०० रुपये मुद्दल अधिक त्या महिन्याचे व्याज अशा ४० हप्त्यांत परतफेड ठरली आहे. संस्थेच्या पोटनियमांनुसार, म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत अंतर्गत नियमांनुसार, कर्जाच्या १० टक्के रकमेचे भाग सभासदाकडे असले पाहिजेत. म्हणून कमी पडणारे ४,००० रुपये कर्जातूनच वळते केले जातात आणि त्याच्या बँक खात्यावर ९६,००० रुपये येतात.

पासबुकात या एका व्यवहाराच्या दोन नोंदी दिसतात : कर्जाच्या पानावर १,००,००० रुपये नावे आणि भागांच्या पानावर ४,००० रुपये जमा. येथेच नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ होतो, कारण हातात आलेली ९६,००० ही रक्कम कोणत्याच पानावर सापडत नाही. पासबुक ही संस्थेच्या खतावणीची, म्हणजे प्रत्येक सभासदाचे खाते स्वतंत्रपणे दाखवणाऱ्या वहीची, प्रत असते. त्यामुळे ‘नावे’ म्हणजे सभासदाकडून संस्थेला येणे आणि ‘जमा’ म्हणजे सभासदाकडून संस्थेला मिळालेले, असा अर्थ संस्थेच्या बाजूने लावावा लागतो. व्याज पूर्ण १,००,००० रुपयांवर धरले जाते हेही या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावरच लक्षात येते. वळते केलेले ४,००० रुपये सभासदाने प्रथम ९ टक्क्यांनी उसने घेतले आहेत आणि ते संस्थेच्या लाभांशावर गुंतवले आहेत. लाभांशाचा दर कर्जाच्या दराहून कमी असेल, तर हा फरक हाही कर्जाच्या खर्चाचाच भाग असतो.

व्याजाच्या स्तंभाची परीक्षा दोनच महिन्यांच्या नोंदींवरून करता येते. पहिल्या महिन्याचे व्याज १,००,००० रुपयांवर ७५० रुपये येते. २,५०० रुपये मुद्दल फिटल्यावर दुसऱ्या महिन्याचे व्याज ९७,५०० रुपयांवर ७३१ रुपये २५ पैसे असले पाहिजे. दर महिन्याला व्याज १८ रुपये ७५ पैशांनी उतरत गेले, तर ते घटत्या बाकीवर आकारले जात आहे असे समजावे, आणि मग ४० महिन्यांचे एकूण व्याज १५,३७५ रुपये होते. व्याजाचा आकडा मात्र दरमहा ७५० वरच थांबलेला दिसला, तर आकारणी मूळ रकमेवर सपाट दराने चालली आहे आणि एकूण व्याज ३०,००० रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट, होणार आहे. दोन्ही ठिकाणी कागदावर ‘९ टक्के’ असेच लिहिलेले असू शकते. दर कोणता यापेक्षा तो कशावर, या प्रश्नाचे उत्तर कर्जरोख्यापेक्षा पासबुकातील दुसऱ्या ओळीत अधिक स्पष्ट मिळते.

याच उदाहरणातील सभासदाची सप्टेंबरमध्ये दुसऱ्या मंत्रालयात बदली झाली असे धरले, तर राजधानीतील पगारदारांना वारंवार भेटणारी अडचण समोर येते. वेतन काढणारे कार्यालय बदलल्यामुळे सप्टेंबरची कपात होत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये नवे कार्यालय जुन्याच यादीतील ३,२१२ रुपये ५० पैसे कापून पाठवते. ऑगस्टअखेर बाकी ९५,००० रुपये होती आणि तिच्यावर सप्टेंबरचे ७१२ रुपये ५० पैसे व ऑक्टोबरचे तेवढेच, मिळून १,४२५ रुपये व्याज येणे झाले आहे. आलेली रक्कम आधी व्याजात आणि उरलेली मुद्दलात वळती करण्याची रूढ पद्धत असल्यामुळे मुद्दलात केवळ १,७८७ रुपये ५० पैसे जमा होतात आणि बाकी ९३,२१२ रुपये ५० पैसे राहते. वेळापत्रकाप्रमाणे ती ९०,००० असायला हवी होती. पूर्ण हप्ता कापला जाऊनही मुद्दल २,५०० ने कमी झाले नाही हे पाहून सभासद संस्थेवर संशय घेतो. परंतु दोन बाक्यांतील फरक नेमका ३,२१२ रुपये ५० पैसे, म्हणजे न आलेल्या कपातीएवढाच आहे, आणि यावरून चूक संस्थेच्या आकारणीत नसून वसुलीच्या साखळीत आहे हे ओळखता येते. अशा प्रसंगी सप्टेंबरची वेतनचिठ्ठी पासबुकाशेजारी ठेवणे हाच निर्णायक उपाय होय. तिच्यावर कपात दिसत असेल तर पैसे कार्यालय आणि संस्था यांच्यामध्ये अडकले आहेत, आणि दिसत नसेल तर ते सभासदाच्याच हाती पगाराबरोबर आले आहेत व त्याने ते स्वतः भरणे हिताचे आहे.

व्याज हा शब्द पासबुकात दोनदा येतो याकडेही लक्ष द्यावे लागते. कर्जावरील व्याज सभासद देतो, तर वर्गणीवरील व्याज संस्था सभासदाला देते. वर्गणीवरील व्याज हा संस्थेचा खर्च असल्यामुळे नफा काढण्यापूर्वीच तो धरला जातो. लाभांश मात्र नफ्याचा वाटा असतो : सर्व खर्च, बुडीत कर्जांची तरतूद आणि राखीव निधी यांनंतर काही उरले आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली, तरच तो मिळतो. एखाद्या वर्षी लाभांशाची ओळच नसणे ही म्हणून लेखनिकाची चूक असेलच असे नाही. ते संस्थेच्या प्रकृतीचे लक्षणही असू शकते, आणि त्याचे निदान पासबुकात न शोधता त्या वर्षीच्या वार्षिक अहवालातील थकबाकीच्या आकड्यात शोधावे लागते.

लाभांशाच्या नोंदीची तारीख बहुधा फसवी असते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, सर्वसाधारण सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि त्यानंतर लाभांश जमा होतो, त्यामुळे ऑक्टोबरमधील नोंद मागील मार्चमध्ये संपलेल्या वर्षाची असते. उदाहरणातील संस्थेने ८ टक्के लाभांश जाहीर केला, तर जुन्या ६,००० रुपयांच्या भागांवर पूर्ण वर्षाचे ४८० रुपये, आणि १ जुलैला घेतलेल्या ४,००० रुपयांच्या भागांवर नऊ महिन्यांचे २४० रुपये, मिळून ७२० रुपये येतात. पासबुकात ४८० रुपयेच दिसले, तर संस्था केवळ वर्षारंभी असलेल्या भागांवर लाभांश देते असा अर्थ होतो. ८०० दिसले तर वर्षअखेरच्या भागांवर पूर्ण वर्षाचा लाभांश दिला गेला आहे. कोणती रीत योग्य हे पोटनियम सांगतात, परंतु कोणती रीत प्रत्यक्षात पाळली गेली हे तो एकच आकडा सांगतो.

या वाचनाला आज निकड आली आहे ती संस्थांच्या विमा-संरक्षणाच्या मर्यादेमुळे. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. पतसंस्थेतील वर्गणीला किंवा ठेवीला ते नसते, आणि रिझर्व्ह बँकेची देखरेखही तिच्यावर नसते. सहारा समूहाच्या चार बहुराज्य सहकारी संस्थांतील ठेवीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २९ मार्च २०२३ च्या आदेशानंतर ५,००० कोटी रुपये केंद्रीय निबंधकाकडे वर्ग करण्याचे ठरले. त्याच वर्षीच्या जुलैत परताव्याच्या अर्जांसाठी जे पोर्टल उघडण्यात आले, त्यावर हक्क सिद्ध करण्यासाठी ठेवीचे प्रमाणपत्र किंवा पासबुक मागितले गेले. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली पुस्तिका अशा वेळी एकाएकी पुरावा बनते. मात्र पासबुक ही प्रत आहे आणि मूळ नोंद खतावणीत असते, हे विसरता येत नाही. हाताने लिहिलेल्या नोंदीपुढे अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी नसेल, किंवा मागील बाकी, नावे आणि जमा यांचा मेळ घालून नवी बाकी निघत नसेल, तर खतावणीशी ताळा करून घेणे आवश्यक ठरते. महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ३२ सभासदाला संस्थेच्या दप्तरातील आपल्या व्यवहारांचा भाग पाहण्याचा हक्क देते.

प्रस्तुत पुस्तक याच ताळ्याची सवय लावण्यासाठी रचलेले आहे. सहकार चळवळीचा इतिहास सांगणारी किंवा संस्थेच्या लेखापालासाठी लिहिलेली पुस्तके मराठीत आहेत, परंतु येथे पाहणारा डोळा सभासदाचा आहे आणि मांडणी पासबुकाच्या पानांच्या क्रमाने जाते. महाराष्ट्रातील आणि राजधानी परिसरातील शब्द शेजारी ठेवले आहेत, कारण नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबात पतीचे पासबुक हिंदीत आणि पत्नीच्या गावाकडील संस्थेचे मराठीत असू शकते. व्याजाचे, लाभांशाचे आणि भागांच्या प्रमाणाचे जे दर उदाहरणांत घेतले आहेत ते केवळ गणितासाठी आहेत, आणि प्रत्येक वाचकाने ते आपल्या संस्थेच्या पोटनियमांतील दरांनी बदलून घेणे अपेक्षित आहे. संस्था चांगली की वाईट याचा निवाडा एका सभासदाच्या पासबुकावरून होत नाही, ही मर्यादाही पुस्तक मान्य करते. पासबुक फक्त इतकेच सांगते की या सभासदाशी संस्थेने ठरल्याप्रमाणे व्यवहार केला की नाही.

त्या प्रश्नाचे अखेरचे उत्तर सभासद निवृत्त होतो त्या दिवशी मिळते. भाग आणि वर्गणी यांच्या एकूण रकमेतून कर्जाची बाकी व त्या दिवसापर्यंतचे व्याज वजा केले जाते, उरलेली रक्कम त्याला दिली जाते आणि तिन्ही पानांवरील बाकी शून्यावर येते. मालक, ठेवीदार आणि ऋणको ही तीन नाती तेथे एका वजाबाकीत मिटतात. एक ओळ मात्र त्या दिवशी लिहिता येत नाही. जानेवारीअखेर निवृत्त झालेल्या सभासदाच्या भागांवर त्या वर्षाच्या दहा महिन्यांचा लाभांश देय ठरत असेल, तर त्याची घोषणा पुढच्या सर्वसाधारण सभेत, म्हणजे पासबुक बंद होऊन कित्येक महिने लोटल्यावर होते. पोटनियमांत ही तरतूद आहे का, हे निवृत्तीपूर्वी पाहून ठेवणारा आणि तेवढ्यासाठी आपला बदललेला पत्ता संस्थेला कळवून जाणारा सभासद शेवटच्या ओळीपर्यंत पासबुक वाचून गेला असे म्हणता येईल.